ताटांवर हिशेब: इंदूरमधल्या केटररचा काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने घरची आणि मंडळाची कामं आम्ही एकाच केटररकडे देतोय. स्वयंपाक छान असतो, भुट्ट्याचा कीस तर फारच. पण मला सांगायचंय ते त्याच्या हिशेबाबद्दल, कारण मी पाहिलेली बहुतेक भांडणं बिलावरून झाली.

तो दोन आकडे विचारतो: अंदाज आणि गॅरंटी. गॅरंटीइतक्या ताटांचे पैसे माणसं कमी आली तरी द्यावेच लागतात. म्हणून अंदाजाचा आकडा गॅरंटी म्हणून देऊ नका. तीन दिवस आधीपर्यंत तो गॅरंटी दहा टक्क्यांपर्यंत कमी करू देतो, नंतर नाही. ते मला पटतं, कारण तोवर मावा-पनीरची ऑर्डर गेलेली असते आणि वाढपी ठरलेले असतात. वाढ मात्र तो शेवटपर्यंत घेतो, पण सगळ्या पदार्थांत ती सारखी जमत नाही. पीठ मळून पुऱ्या वाढवता येतात; श्रीखंडाचा चक्का मात्र आदल्या रात्रीच टांगावा लागतो. एकदा आयत्या वेळी माणसं वाढली आणि श्रीखंड शेवटच्या पंगतीला पुरलं नाही.

मुंजीचा हिशेब सांगतो. दर ताटाला 450 रुपये, गॅरंटी 200, ॲडव्हान्स 25,000. तीन दिवस आधी आम्ही गॅरंटी 180 केली. जेवण सुरू होण्याआधी काउंटरवरची ताटं त्याच्या माणसाने आणि माझ्या भाच्याने मिळून मोजली: 220. शेवटी 20 कोरी उरली, म्हणजे 200 वापरली. त्यातली सहा त्याच्याच वाढप्यांची होती, ती वजा झाली. उरली 194. ही संख्या गॅरंटीपेक्षा जास्त, म्हणून बिल 194 चंच: 87,300 रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी 4,365. एकूण 91,665. त्यातून ॲडव्हान्स वजा जाऊन 66,665 द्यायचे राहिले. कर सुरुवातीच्या अंदाजावर न लावता शेवटच्या आकड्यावर लावला, हे नीट बघून घ्या.

मोजणीत घोळ होतो तो धुतलेल्या ताटांमुळे. वापरलेलं ताट धुऊन पुन्हा गड्डीत ठेवलं, की शेवटी कोरी ताटं जास्त दिसतात आणि केटररचं नुकसान होतं. उलट एकाच पाहुण्याने दोनदा ताट घेतलं तर आपल्या माथी दोन ताटं. पहिल्यावर उपाय म्हणजे खरकटी ताटं काउंटरकडे येऊच द्यायची नाहीत. दुसऱ्यावर उपाय नाही. ठरलंय ते ताटांवर, माणसांवर नाही. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची ताटंही आपल्याच खात्यात येतात, गॅरंटी देताना ती धरा.

एक गोष्ट मला खटकते. काम रद्द केलं तर ॲडव्हान्स परत मिळत नाही. तारीख पुढे ढकलली तर तोच ॲडव्हान्स चालतो, पण लग्नसराईच्या तारखांना नाही, आणि हे त्याने पावतीवर लिहिलेलं नव्हतं. आता आम्ही पावतीवरच गॅरंटी, कमी करायची शेवटची तारीख आणि तारीख बदलण्याची अट लिहून घेतो. त्यानेही लगेच लिहून दिली.