वेळापत्रकाचा नुसता फोटो आला: कॅलेंडर, क्लॅश की भाषांतर?

सप्टेंबरात म्युनिकच्या शाळेत पालकसभा होते आणि तिथून बायको एक फोटो पाठवते. यंदा मुलीच्या तिसरीच्या वर्गाचं वेळापत्रक होतं. जरा तिरकं, एका कोपऱ्यात ट्यूबलाइटची चकाकी, आणि सोबत एक अक्षर नाही. सभा चालू असल्यामुळे फोन करून विचारायचीही सोय नाही. मग याचं करायचं काय? कॅलेंडरमध्ये टाकायचं, कशाच्या आड येतंय ते बघायचं, की मराठीत करून ठेवायचं? माझं तिन्ही करून झालंय.

भाषांतराचं लवकर सांगून टाकतो. पहिलीच्या वेळी मी तेच केलं, नागपूरला आईला पाठवायचं म्हणून. ॲपने गुरुवारच्या Do चं 'करा' केलं आणि WG चं 'सामायिक घर'. WG म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेतला हस्तकलेचा तास, पण एरवी जर्मनीत WG म्हटलं की भाड्याने एकत्र राहणारी मंडळीच डोळ्यासमोर येतात. ॲपची तरी काय चूक! आईचा लगेच फोन: "अरे, पोर शाळेत राहायला जाणारेय का?" आजी-आजोबांना पाठवायचं असेल तर हाताने मराठीत लिहून द्यावं, गंमत म्हणून छान आहे. आपल्यासाठी मात्र विषयांची नावं फारशी कामाची नाहीत. Ma म्हणजे गणित हे कळायला कोश लागत नाही. नीट वाचायचं असतं ते चौकोनातलं बारीक अक्षर.

कॅलेंडरवर माझा बरेच दिवस जीव होता. दुसरीच्या वर्षी एकेक तास भरला, रंग दिले, दोघांच्या फोनवर दिसेल असं केलं. दिसायला फार सुरेख. मग शरद ऋतूची सुट्टी लागली आणि फोन रोज सकाळी पावणेआठला शाळेची आठवण करून देत राहिला. हेही चाललं असतं. वैताग आणला तो आठवड्याआड येणाऱ्या एका तासाने.

गुरुवारी सहाव्या तासाच्या चौकोनात WG होतं आणि त्याखाली unger. KW. म्हणजे फक्त विषम क्रमांकाच्या आठवड्यात. जर्मनीत वर्षातल्या आठवड्यांना क्रमांक असतात आणि शाळा त्यावर चालते. त्या आठवड्यात एक वाजता सुटते, एरवी सव्वाबाराला. मी 'दर दोन आठवड्यांनी' अशी नोंद केली, पण सुरुवातच सम आठवड्यापासून. पाऊण तास पोरगी फाटकापाशी उभी, आणि मी कॅलेंडर बघून निवांत ऑफिसात. बरं, सुरुवात बरोबर केली तरी हे कायम टिकेलच असं नाही. २०२६ मध्ये ५३ आठवडे आहेत. त्रेपन्नाव्यानंतर पुन्हा पहिला, म्हणजे लागोपाठ दोन विषम. फोन बिचारा चौदा दिवस मोजत जातो, त्यामुळे जानेवारीपासून त्याचा विषम तास सम आठवड्यात पडतो. आणि चुकीची नोंदही तशीच रंगीत, ठसठशीत दिसते. शंका यावी असं त्यात काहीच नसतं.

म्हणून यंदा फोटो आल्यावर मी तास भरलेच नाहीत. पाठकोऱ्या कागदावर पाच वार लिहिले, प्रत्येकापुढे फक्त शाळा सुटायची वेळ. गुरुवारपुढे दोन: १२:१५ आणि १:००. शेजारी आमचं बाकीचं. त्यात गुरुवारी पुण्याच्या सरांचा ऑनलाइन तबला, भारतातले संध्याकाळचे पाच. आत्ता ते इथले दीड, म्हणजे घरी येऊन दोन घास खाऊन बसता येतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. मग तबला साडेबाराला. विषम आठवड्यात तेव्हा पोरगी अजून वर्गात, सम आठवड्यात जेमतेम दप्तर टाकून बसणार.

कॅलेंडरची बाजू घ्यायची तर, तबल्याची नोंद भारतीय वेळेत केली असती तर ती आपोआप सरकली असती. खरंय. पण हे तेव्हा कळलं असतं नोव्हेंबरात. कागदावर सप्टेंबरातच कळलं, दहा मिनिटांत.

तुमच्याकडे शाळा रोज एकाच वेळी सुटत असेल आणि आठवड्याआडचं काही नसेल, तर खुशाल कॅलेंडरमध्ये टाका, मला वाटतं तेवढं पुरेल. माझ्या कॅलेंडरमध्ये आता तेवढा गुरुवार आहे, आणि तोही एकेक तारीख बघून हाताने टाकलेला.

फोटोला उत्तर म्हणून मी एवढंच लिहिलं: "नोव्हेंबरपासून गुरुवारचा तबला शाळेवर येतोय. सरांना साडेसहा विचारू?" सभेतूनच तिचा अंगठा आला. भारतातले साडेसहा म्हणजे हिवाळ्यात इथले दोन. सरांनी मात्र आधी विचारलं, "आणि मार्चनंतर?" तेव्हा तीन होतील.