मजकूर परीक्षक मॉडेलला पुरता वाचता येत नसेल, तर शेपूट कापायचं, तुकडे करायचे की गुणच द्यायचे नाहीत?

उदाहरण घेऊ. सोसायटीच्या वार्षिक सभेचं अडीच तासांचं मराठी रेकॉर्डिंग आहे आणि त्याची लेखी प्रत ४१,२०० टोकनांची झाली आहे. एका मॉडेलने तिचा सारांश केला. सारांशातलं प्रत्येक विधान मूळ प्रतीत आहे का, हे दुसरं मॉडेल तपासणार आणि निकाल JSON मध्ये देणार. या परीक्षकाला एका वेळी मूळ मजकुराची २८,००० टोकनंच देता येतात. सारांशात म्हटलंय, ‘पार्किंगचा ठराव मंजूर झाला.’ सभेच्या सुरुवातीला तो खरोखरच मंजूर झाला होता. पण शेवटच्या वीस मिनिटांत एका सभासदाने आक्षेप घेतला आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शेपूट कापणं. बहुतेक जण हेच करतात, आणि पुष्कळदा नकळत. टोकनायझरला `truncation=True` दिलं की उरलेला मजकूर गुपचूप गळतो आणि कुठेही एरर येत नाही. आपल्या सभेत परीक्षक ‘मंजूर झाला’ वाचतो, आक्षेप त्याच्यासमोर येतच नाही आणि चुकीच्या विधानाला पूर्ण गुण मिळतात. उलटही होतं. शेवटच्या भागात ठरलेलं थकबाकीवरचं व्याज सारांशात बरोबर आलेलं असतं, पण परीक्षक ‘मूळ मजकुरात आधार नाही’ असा शेरा मारतो. दोन्ही वेळा JSON अगदी नीटनेटकं दिसतं.

डोकं आणि शेपूट ठेवून मधला भाग काढणं त्याहून बरं. सुरुवातीची २०,००० आणि शेवटची ८,००० टोकनं घेतली तर आक्षेप सापडतो. सभा, फोनवरचं संभाषण, न्यायालयाचा निकाल अशा मजकुरात निर्णय शेवटाकडे असतो, तिथे हे चालतं. मात्र जिथे कापलं तिथे ‘येथे १३,२०० टोकनं वगळली आहेत’ असं मजकुरातच लिहा. नाहीतर परीक्षक दोन तुटक वाक्यं जोडून नसलेला अर्थ काढतो.

तिसरा मार्ग तुकड्यांचा. १२,००० टोकनांचा एक तुकडा आणि शेजारच्या तुकड्यांत १,००० टोकनांचा सामाईक भाग ठेवला, तर चार तुकड्यांत सगळं वाचून होतं. सामाईक भागामुळे खर्च थोडाच वाढतो. परीक्षकाच्या सूचना मात्र चार वेळा पाठवाव्या लागतात. खरी अडचण निकाल एकत्र करताना येते. पहिला तुकडा म्हणतो ‘आधार आहे’, चौथा म्हणतो ‘विरोध आहे’. ‘एकाही तुकड्यात आधार मिळाला की पास’ असा नियम ठेवला असेल, तर सगळं वाचूनही शेपूट कापल्यासारखाच निकाल हाती येतो. म्हणून प्रत्येक तुकड्यातून विधानाशी संबंधित वाक्यं उचलायला लावा, ती सभेच्या क्रमाने मांडा आणि शेवटचा कौल त्यावर घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. एखादं विधान चुकल्याने कोणाचं नुकसान होणार असेल तर तुकडे करा. तेवढा खर्च परवडत नसेल तर गुण देऊ नका, `null` टाका. नुसतं शेपूट कापून गुण देण्याची बाजू मला कुठल्याच कामात घेता येत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी अपुरं वाचन निकालात दिसायला हवं:

```json
{
  "verdict": "not_found_in_read_part",
  "score": null,
  "truncated": true,
  "tokens_total": 41200,
  "tokens_read": 28000,
  "omitted": [[28000, 41200]]
}
```

`truncated` आणि टोकनांचे आकडे परीक्षकाकडून भरून घेऊ नका. जे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याची त्याला कल्पना नसते. ‘सगळं वाचलंस का’ विचारलं तर तो बेधडक ‘हो’ म्हणतो. मजकूर जो कोड कापतो, त्यानेच हे आकडे लिहायचे आणि मॉडेलच्या उत्तरात तसली फील्ड आलीच तर ती पुसून टाकायची. `verdict` मध्येही ‘आधार नाही’ आणि ‘वाचलेल्या भागात सापडला नाही’ हे वेगळे ठेवा. पहिला कौल पूर्ण वाचनानंतरच देता येतो.

मराठीत आणखी एक खाच आहे. UTF-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ‘क्षि’सारखं अक्षर चार चिन्हांचं, म्हणजे बारा बाइटचं. इंग्रजीवरून बांधलेला ‘चार अक्षरांना एक टोकन’ हा अंदाज इथे फसतो, म्हणून परीक्षकाच्याच टोकनायझरने मोजा आणि वाक्य संपतं तिथे कापा.

सरासरी काढताना १०० सारांशांपैकी १२ `null` निघाले, तर ‘८८ पैकी’ असं सरासरीशेजारी लिहा. ते बारा बहुतेक सगळ्यात लांब सभांचेच असतात, म्हणजे उरलेली सरासरी सोप्या कामाची असते.

आपली यंत्रणा खरं सांगते का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. एका लांब प्रतीच्या अगदी शेवटी ‘पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यायचं ठरलं’ हे वाक्य घाला आणि सारांशातही तेच विधान टाका. परीक्षकाला आधार सापडला नाही आणि तरीही `truncated` मध्ये `false` आलं, तर मजकूर कुठेतरी गुपचूप कापला जातोय. आधीचे निकाल पुन्हा काढावे लागतील.