पिझोकोन काही महिने वापरल्यावर: टिप रेझिस्टन्सवर भरवसा कुठे ठेवावा, कुठे नाही

पिझोकोन म्हणजे जमिनीत ढकलून मातीचा विरोध आणि तिच्यातल्या पाण्याचा दाब मोजणारा शंकू. १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा, ६० अंशांच्या टोकाचा पिझोकोन मऊ चिकणमातीत सतत वापरल्यानंतरचं हे मत. वाळूचा थर कुठे लागला हे तो झकास दाखवतो. ती वाळू किती घट्ट आहे हे मात्र दर वेळी सांगत नाही.

रॉड सेकंदाला २ सेंटिमीटर या वेगाने ढकलायचे. टोकाला होणारा विरोध, म्हणजे टिप रेझिस्टन्स qc, मऊ चिकणमातीत साधारण ०.५ ते १ मेगापास्कल राहतो, घट्ट वाळूत १५च्याही वर जातो. टोकामागच्या नळीचं, म्हणजे स्लीव्हचं घर्षण भागिले टिप रेझिस्टन्स हे प्रमाण वाळूत १ टक्क्याच्या आसपास किंवा कमी, तर चिकणमातीत बहुधा ३ टक्क्यांच्या पुढे असतं. इथवर सगळं सोपं.

खरी गंमत पातळ थरात आहे. समजा ८ मीटरपर्यंत qc ०.६ आहे, ८.३ मीटरला तो ५ वर जातो आणि थोडं खाली पुन्हा ०.६ वर येतो. त्याच जागी मातीतल्या पाण्याचं पोअर प्रेशरही झपकन उतरून भूजलाच्या स्थिर दाबाजवळ आलं, तर वाळू नक्की. पण ५ बघून ‘सैल वाळू’ लिहून मोकळं होऊ नका. कोनला टोकाखालची आणि वरची माती एकदमच जाणवते. घट्ट वाळूत पूर्ण आकडा मिळायला थर साधारण पाऊण मीटर जाड लागतो. ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात दिसणारा ५ हा खालच्या मऊ मातीने ओढून खाली आणलेला असतो.

त्याच पट्ट्याच्या तळाशी दुसरा चकवा. स्लीव्हचा मध्य टोकापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर वर असतो. टोक चिकणमातीत उतरलं, तरी स्लीव्ह वाळूतच घासत असते. खोली जुळवून घेतली नाही, तर घर्षणाचं प्रमाण उगाच उसळतं आणि सॉफ्टवेअर तिथे चक्क पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, रंगवून मोकळं होतं.

चिकणमातीत मात्र सगळ्यात जास्त नाडतं ते शून्य सरकणं, म्हणजे भार नसतानाचं कोनचं वाचन बदलणं. टोकामागच्या पाण्याच्या दाबाची, म्हणजे u2 ची, दुरुस्ती अशी; qt हा दुरुस्त टिप रेझिस्टन्स आणि a हे कोनच्या रचनेवर ठरणारं क्षेत्रफळांचं गुणोत्तर:

qt = qc + u2(1 − a)

१० मीटरला qc ६०० किलोपास्कल, u2 ३०० आणि a ०.८ धरला, तर qt ६६० येतो. त्यातून वरच्या मातीचा भार १७० वजा करून १४ या अनुभवाने ठरलेल्या गुणकाने भागलं की मातीची ताकद ३५ किलोपास्कल. शून्य १०० किलोपास्कलने खाली सरकलं असेल, तर तीच २८ वर येते. १०० मेगापास्कल क्षमतेच्या कोनसाठी ही चूक अवघी ०.१ टक्का, म्हणून तपासणीच्या कागदावर कोन निर्दोष दिसतो. यासाठी ढकलण्याआधी आणि बाहेर काढल्यावर, कोन एकाच तापमानाला आणून शून्य नोंदवा. फरक १०० निघाला तर घट्ट वाळूतली नोंद चालून जाते, मऊ मातीतली चाचणी पुन्हा करावी लागते. जागा मऊच असेल तर कमी क्षमतेचा कोन मागवा.