लघवीत ॲम्फेटामीन ‘पॉझिटिव्ह’: इम्युनोॲसेवर थांबायचं की मास स्पेक्ट्रोमेट्री करायची?

समजा, वजन उतरवण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं फेंटरमीन घेणाऱ्या माणसाचा ॲम्फेटामीन या उत्तेजक द्रव्याचा इम्युनोॲसे, म्हणजे अँटिबॉडी वापरून केलेली चाळणी चाचणी, पॉझिटिव्ह आला. त्याने खोटं काही सांगितलेलं नाही, आणि यंत्रही बिघडलेलं नाही.

इम्युनोॲसेतली अँटिबॉडी पूर्ण रेणू ओळखत नाही. रेणूचा आकार तिच्या खाचेत पुरेसा बसला की ती चिकटते. फेंटरमीनचा आकार ॲम्फेटामीनच्या जवळचा असल्याने तेही चालून जातं. ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली ही मर्यादा ओलांडली की पॉझिटिव्ह, पण हा आकडा नेमक्या कोणत्या रेणूमुळे आला हे कळत नाही. काही मिनिटांत, स्वस्तात शेकडो नमुने चाळायला मात्र हीच पद्धत बरी.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत आधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग त्यांना विद्युतभार देऊन वस्तुमानानुसार निवडतात, वायूवर आपटून फोडतात आणि तुकडे मोजतात. इथे गंमत अशी की मेथॲम्फेटामीन, म्हणजे ॲम्फेटामीनच्या कुळातलंच नशेचं द्रव्य, आणि फेंटरमीन यांचं सूत्र एकच आहे, दोघांचा आयन १५० वर दिसतो. फोडल्यावर ९१ चा तुकडाही दोघांतून निघतो. म्हणजे नुसतं वस्तुमान पाहिलं तर इथेही फसगत झाली असती! भेद दुसऱ्या तुकड्यात आहे: मेथॲम्फेटामीन मेथिलॲमिन गमावून ११९ देतं, फेंटरमीन अमोनिया गमावून १३३. म्हणूनच अहवालावर सही करण्याआधी बाहेर पडण्याची वेळ, दोन तुकडे आणि त्यांचं परस्पर प्रमाण, हे सगळं शुद्ध नमुन्याशी जुळतं का ते पाहतात.

नमुन्यातले इतर पदार्थ कधी आयन दाबून टाकतात आणि आकडा कमी येतो. त्यासाठी सुरुवातीलाच त्याच औषधाचा ड्युटेरियमयुक्त, जड जुळा ठरावीक मात्रेत मिसळतात. दोघेही सारखेच दबतात, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. जुळ्याचा संकेतच फार पडला असेल, तर तो निकाल स्वीकारू नये.

पण निर्णय घेण्याआधी या पद्धतीच्या उणिवाही माहीत हव्यात. यंत्र यादीत असलेलेच रेणू शोधतं. फेंटरमीन यादीत नसेल, तर अहवालात फक्त ‘मेथॲम्फेटामीन आढळलं नाही’ एवढंच येईल, पॉझिटिव्हचं कारण कळणार नाही. मेथॲम्फेटामीनची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी डावी आणि उजवी रूपं वेगळी करायला खास काइरल पद्धत लागते. साध्या स्तंभावर दोन्ही एकत्रच येतात.

औषधाची रक्तातली पातळी सांभाळताना प्रश्न थोडा वेगळा असतो. अवयव प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसच्या इम्युनोॲसेत अँटिबॉडी त्याच्या चयापचयी पदार्थांनाही पकडते, त्यामुळे आकडा बहुधा चढा दिसतो. तिथे रुग्णाची पातळी मोजण्याची पद्धत अधेमधे बदलू नका. बदलावीच लागली, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना डॉक्टरांना सांगूनच करा.

नोकरी, मुलाचा ताबा किंवा उपचार थांबवणं पॉझिटिव्हवर अवलंबून असेल, तर त्याच नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्री मागा, आणि प्रयोगशाळेला घेत असलेल्या औषधांची यादी आधीच द्या. आपत्कालीन विभागात तासाभरात निर्णय हवा असेल, तर इम्युनोॲसे घ्या, पण उपचार लक्षणांवरून ठरवा.