आठ महिने वापरलेला म्युझिक प्लेअर: वाजतो झकास, पण कॉम्प्युटरला दिसायला मागेना

गेल्या गणपतीत अण्णांसाठी हा खिशात मावणारा प्लेअर घेतला. सकाळी रंकाळ्यावर फिरताना त्यांना नाट्यसंगीत ऐकायचं असतं, आणि मोबाईलवर नेमका तानेच्या मध्ये कुणाचा तरी फोन येतो. आवाजाबद्दल तक्रार नाही. रोज तासभर ऐकून चार्जिंग आठवडाभर पुरतं. एकच खोट आहे, मराठी नावं नीट दिसत नाहीत. जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. मी गाण्यांची नावं रोमन लिपीत करून ठेवली आणि विषय संपवला.

खरं लिहायचंय ते फेब्रुवारीत जे झालं त्याबद्दल.

नवीन गाणी भरायला प्लेअर कॉम्प्युटरला लावला. स्क्रीनवर बॅटरीचं चित्र भरायला लागलं, पण विंडोजचा तो 'टुडुंग' आवाज नाही, ‘This PC’ मध्ये काही नाही. ‘Device Manager’ उघडून केबल काढली, घातली. यादी जरासुद्धा हलली नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिघडलेलं यंत्र असलं तर बहुतेक वेळा तिथे निदान ‘Unknown USB Device’ अशी ओळ तरी येते. काहीच येत नाही याचा अर्थ कॉम्प्युटरपर्यंत हाकच पोचलेली नाही.

अण्णा म्हणाले, "आगं, चार्जिंग हुतंय की! मग केबल चांगलीच हाय."

मलाही तसंच वाटलं होतं. पण साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. नेकबँड, टेबललॅम्प यांच्यासोबत येणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. चार्जिंग अगदी व्यवस्थित होतं, एवढंच. आमच्या घरी प्लेअरची मूळ केबल आणि नेकबँडची केबल एकाच डब्यात, दोन्ही काळ्या.

म्हणून दुसरी केबल लावली. तरीही काही नाही! इथेच मी फसले. दोन दिवस धरून चालले की प्लेअरचं सॉकेट गेलं. राजारामपुरीतल्या एका दुकानात नेला, तर त्यांनी न उघडताच "बोर्ड गेलाय, नवीन घ्या" म्हणून सांगितलं.

घरी येऊन सेटिंग्ज चाळताना उलगडा झाला. जानेवारीत अण्णांच्या हातून भाषा बदलली होती, चिनी की काय ती. ती परत आणायला त्यांनी अंदाजाने बटणं दाबत फॅक्टरी रिसेट करून टाकला होता. त्यात ‘USB mode’ परत ‘Charge only’ वर गेला. या मोडमध्ये प्लेअर फक्त वीज घेतो, आपली ओळखच सांगत नाही. म्हणजे केबल चुकीची होती आणि मोडही चुकीचा होता. केबल बदलली तेव्हा मोड आडवा आला, आणि नुसता मोड बदलला असता तर केबल आडवी आली असती. एकेक गोष्ट तपासून दोन्ही वेळा ‘नाही’ असंच उत्तर आलं असतं. म्हणून आधी केबलीची खात्री करा, ती दुसऱ्याच कशाने तरी, उदाहरणार्थ फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेऊन. फोटो आले की त्या केबलीला खूण करा आणि मगच मोडला हात घाला.

मोडमध्ये आणखी दोन पर्याय होते, ‘MTP’ आणि ‘Storage’. मी ‘Storage’ निवडला, कारण त्यात पेनड्राइव्हसारखं E: आणि F: अक्षर मिळतं. प्लेअरची आतली जागा E: आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड F: म्हणून दिसलं. (कार्ड ५९ जीबीच दाखवतं, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.) अण्णांच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं सगळं एकदम कॉपीला लावलं आणि चहा ठेवायला गेले. तेवढ्यात लाईट गेली.

प्लेअरला स्वतःची बॅटरी आहे, तो चालूच होता. तरी त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण ‘Storage’ मोडमध्ये कार्डावर कॉम्प्युटर थेट लिहितो. कुठल्या गाण्याचे तुकडे कुठे ठेवलेत ती यादीसुद्धा तोच लिहितो. डेस्कटॉप मध्येच बंद पडला आणि यादी अर्धवट राहिली. ‘MTP’ मध्ये कॉम्प्युटर फक्त फाईल हातात देतो, यादी प्लेअर स्वतः सांभाळतो. तिथे लाईट गेली असती तर बहुधा त्या वेळचं एक गाणं गेलं असतं. मात्र ‘MTP’ मध्ये ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे कार्ड दुरुस्त करणारी साधनं तिथे चालत नाहीत. मॅकवर तर वेगळं ॲप घातल्याशिवाय ‘MTP’ दिसतच नाही.

नंतर प्लेअर सुरू केला की गाण्यांची यादी बनवताना दर वेळी ४१२ वर अडकायचा. कॉम्प्युटरवर दोन फोल्डरांची नावं विचित्र चिन्हांची झाली होती आणि तीन मिनिटांचं एक पद चक्क ३ जीबीचं दिसत होतं. आकडा दर वेळी त्याच जागी अडकतो, तेव्हा संशय प्लेअरपेक्षा कार्डावर घ्यावा.

कार्ड बाहेर काढून कार्ड रीडरमध्ये घातलं. आधी जे उघडत होतं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. दुरुस्तीचा प्रोग्राम यादीला न जुळणारं कापून टाकू शकतो, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून:

```
chkdsk F:
chkdsk F: /f
```

पहिली ओळ फक्त बघते, काही बदलत नाही. तिने चुका दाखवल्या, म्हणून दुसरी चालवली. नंतर कार्डावर FOUND.000 नावाचं फोल्डर दिसलं (लपवलेल्या फाईली दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो) आणि त्यात .CHK शेवटाच्या अकरा फाईली. त्यांना .mp3 शेवट दिला तर सात वाजल्या, चार गेल्या.

तुमच्याकडे ‘You need to format the disk’ अशी खिडकी आली तर ‘Cancel’ दाबा. chkdsk तेव्हा ‘RAW’ म्हणून हात वर करेल. त्या वेळी PhotoRec हा फुकटचा प्रोग्राम वापरून गाणी दुसऱ्या डिस्कवर काढता येतात. फाईलींची नावं जातात, पण गाण्याच्या आत टॅग भरलेले असतील तर त्यावरून परत लावता येतात. कॅसेटवरून उतरवलेल्यांना टॅग नसतात, तिथे कान हाच उपाय.

सगळं काढून झाल्यावर कार्ड प्लेअरमध्येच फॉरमॅट केलं आणि h2testw ने पूर्ण भरून तपासलं. दोनअडीच तास गेले, पण कार्ड खरं निघालं. खोटी कार्डं ६४ म्हणून विकली जातात आणि आत जागा असते आठ-सोळा जीबी. पहिली गाणी उत्तम वाजतात, पुढची सगळी खरखरतात किंवा उघडतच नाहीत.

आता दोनचार गाणी घालायची तर ‘MTP’ वापरते. मोठा गठ्ठा असला की कार्ड काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये. त्याला बॅटरी आहे, लाईट गेली तरी काम थांबत नाही. कार्ड काढण्यापूर्वी ‘Eject’ करतेच.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा मराठी अक्षरांसाठी कापला, एक त्या सेटिंगसाठी, कारण रिसेट केल्यावर मोड बदलल्याची एक ओळही स्क्रीनवर येत नाही. मूळ केबलीला अण्णांनी देवघरातला लाल दोरा बांधलाय, आणि नेकबँडच्या केबलीला डब्यात परत जागा नाही.