बैठकीच्या वेळेचा पोल: एकच मत की जमतील तेवढी मतं?

दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरवायला आमचा नऊ जणांचा छोटा ग्रुप आहे. सहा जण महाराष्ट्रात, एक जण दुबईला, एक मैत्रीण लंडनला आणि एक मित्र न्यू जर्सीला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉल आणि वर्गणी ठरवायला सगळ्यांना एकदा कॉलवर आणायचं होतं. पोल टाकायचं काम माझ्याकडे आलं. तेच काम तुमच्याकडे आलं असेल तर पोल टाकण्याआधी कुठलं बटण दाबायचं आणि सोबत काय लिहायचं, यासाठी ही तुलना.

व्हॉट्सॲपवर पोल बनवताना पर्यायांच्या खाली `Allow multiple answers` असा खटका असतो. बरेच जण निवडणुकीच्या सवयीने तो बंद करतात: एक माणूस, एक मत. मीही पहिल्यांदा तेच केलं. तीन वेळा दिल्या होत्या, तिन्ही भारतीय वेळेनुसार: शनिवारी संध्याकाळी ६, रविवारी सकाळी ११, रविवारी रात्री ८:३०. निकाल लागला तो असा. रविवार सकाळला ४, शनिवार संध्याकाळला ३ आणि रविवार रात्रीला २ मतं. म्हणजे सकाळ जिंकली. पण रविवारी सकाळी ११ ला न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि लंडनला पहाटेचे साडेपाच. त्या दोघांनी रात्रीला मत दिलं होतं, आणि नेमकी तीच वेळ शेवटी राहिली होती.

मग तोच पोल खटका चालू ठेवून परत टाकला आणि लिहिलं, "ज्या ज्या वेळी येऊ शकता त्या सगळ्यांवर टिक करा." आता रविवार रात्रीला ८, रविवार सकाळला ६ आणि शनिवार संध्याकाळला ५ मतं पडली. आधी शेवटी राहिलेली वेळच सगळ्यात जास्त लोकांना जमणारी निघाली. कोणी मत बदललं नव्हतं, फक्त प्रश्न बदलला होता. एकच मत मागितलं की माणूस आवडती वेळ सांगतो. जमतील तेवढी मागितली की कधी मोकळा आहे ते सांगतो. बैठकीसाठी आपल्याला दुसरं हवं असतं. सहलीला कुठे जायचं किंवा टीशर्टचा रंग कोणता, अशा प्रश्नांना मात्र एकच मत ठीक आहे, कारण तिथे आवडच विचारायची असते.

अनेक मतांच्या पोलमध्ये एक खाच राहते. ज्याने काहीच टिक केलं नाही, त्याला एकही वेळ जमत नाही की त्याने पोल उघडलाच नाही, हे कळत नाही. म्हणून शेवटचा पर्याय "यातली एकही वेळ जमत नाही" असा ठेवावा. तो नसेल तर गप्प राहिलेल्या प्रत्येकाला फोन करत बसावं लागतं.

आता व्हॉट्सॲप की बैठकीची वेळ ठरवायची डूडल ही वेबसाइट? डूडलमध्ये प्रत्येक वेळेपुढे "हो" आणि "नाही" यांच्या मधली "अगदी गरज असेल तर" अशी तिसरी खूणही करता येते, आणि वेळा ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसतात. ही दुसरी सोय आमच्यासाठी मोठी होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात, अमेरिकेतली मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे शनिवारपर्यंत आपण लंडनच्या साडेचार तास पुढे असतो आणि रविवारी साडेपाच. रविवार रात्री ८:३० साठी मी आधी मनातल्या मनात हिशोब करून लंडनच्या मैत्रिणीला दुपारचे ४ सांगितले होते, खरे ३ होते. ती तासभर उशिरा आली असती.

तरीही मी व्हॉट्सॲपच निवडलं. डूडलसाठी लिंक उघडून नाव टाकावं लागतं, आणि आमच्यातले दोघं तरी "नंतर बघतो" म्हणून ती उघडणार नाहीत हे मला माहीत होतं. ग्रुपमधला पोल समोरच दिसतो, एका बोटाने मत पडतं आणि कोणी मत दिलं तेही नावानिशी दिसतं. चार देशांत विखुरलेले वीस जण असतील आणि सगळे ऑफिसच्या सवयीचे असतील, तर डूडल घ्या. आठ-दहा घरच्यासारखी माणसं असतील तर पोल पुरतो, फक्त वेगवेगळ्या घड्याळांचा हिशोब तुम्ही स्वतः करून लिहायचा.

पोलपेक्षा त्याच्यासोबतच्या मेसेजवर जास्त काही अवलंबून असतं. बहुतेक ग्रुपवर जातो तो मेसेज असा असतो:

"सगळ्यांनी प्लीज लवकर मत द्या, मग वेळ ठरवू."

"लवकर" म्हणजे कधी, ठरवणार कोण, कधी सांगणार, काहीच नाही. लोक आधी कोण काय म्हणतं ते बघत थांबतात. ज्याने मत दिलं त्याला तिन्ही वेळा अडवून ठेवाव्या लागतात. आम्ही पाठवला तो असा:

"वरच्या पोलमध्ये जमतील त्या सगळ्या वेळांवर टिक करा. एकही जमत नसेल तर शेवटचा पर्याय निवडा. वेळा भारतातल्या आहेत. रविवार रात्री ८:३० म्हणजे दुबई संध्या. ७, लंडन दुपारी ३, न्यू जर्सी सकाळी ११. बाकीच्या दोन्ही वेळांचा हिशोब खालच्या मेसेजमध्ये आहे. मत बुधवारी रात्री ९ पर्यंत, तोवर बदललं तरी चालेल. बुधवारीच रात्री १० ला नक्की वेळ मी इथेच सांगेन. जास्त मतांची वेळ घेऊ, पण हॉलचं बघणारा आणि हिशोब ठेवणारी, या दोघांना जमायलाच हवी. बरोबरी झाली तर परदेशातल्यांना दिवसा पडेल ती वेळ. गुरुवारपासून बाकीच्या वेळा मोकळ्या समजा."

यातला बरोबरीचा नियम आधी लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मतं दिसल्यावर नियम काढला तर तो कोणाच्या तरी बाजूचा वाटतो, मग तो कितीही योग्य असो.

वेळ कधी जाहीर करायची, याचेही दोन मार्ग आहेत: सगळ्यांची मतं आली की लगेच, किंवा आधी सांगितलेल्या ठरावीक वेळी. पहिला मार्ग तीन-चार जणांत चालतो. नऊ जणांत एक जण कायम राहतो आणि त्याच्यासाठी बाकीचे आठ ताटकळतात. ठरावीक वेळ सांगितली की न आलेलं मत "येणार नाही" असं धरून पुढे जाता येतं, मात्र तसं मेसेजमध्ये लिहिलेलं हवं. आम्ही ते लिहायला विसरलो. मंगळवारी संध्याकाळी आठवण करताना ती ओळ घातली, तेव्हा उरलेले दोघं अर्ध्या तासात आले. मतं पडायला लागल्यावर पर्याय मात्र बदलू नका. आधी टिक करून गेलेला माणूस परत बघायला येत नाही.

पोल आणि हा मेसेज, दोन्ही पिन केले, सात दिवसांसाठी. पिन करताना २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असं विचारतात. २४ तास निवडले असते तर सोमवारी रात्रीच पिन निघालं असतं आणि दोन दिवसांच्या शुभेच्छांखाली पोल सापडला नसता.

हाच मेसेज सोसायटीसाठी वापरणार असाल तर एक फरक आहे. व्यवस्थापक समितीच्या अनौपचारिक चर्चेची वेळ पोलने ठरवायला हरकत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेला मात्र आदर्श उपविधींनुसार पूर्ण १४ दिवस आधी लेखी सूचना लागते, आणि पोल ही ती सूचना नव्हे. तिथे पोलचा उपयोग सूचना निघण्याआधी रविवार सकाळ की संध्याकाळ हे चाचपण्यापुरता. तेव्हा मेसेजमध्ये "नक्की वेळ सचिवांच्या सूचनेत कळेल" असं लिहावं आणि ती सूचना कोणत्या तारखेला लागेल तेही.

बुधवारी रात्री १० ला मी लिहिलं: "रविवार रात्री ८:३० नक्की. आठ जणांना जमतंय. नवव्याचा त्या रात्री प्रवास आहे, वर्गणीबद्दल त्याचं म्हणणं तो शनिवारपर्यंत इथे लिहील. लंडनला दुपारी ३, घड्याळ त्याच पहाटे बदलतंय." लंडनच्या मैत्रिणीचं उत्तर लगेच आलं, "बरं केलंस लिहिलंस, मी ४ धरून चालले होते."