'नवीन' कार्डाचे 38,500 रुपये आणि आमची फुसकी नोटीस

लिफ्टवाल्याला नोटीस पाठवायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. आमचं हसं झालंय.

सात मजली सोसायटी, एकच लिफ्ट, आणि मी सेक्रेटरी. वर्षभराच्या देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, कॉम्प्रिहेन्सिव्ह; सुटे भागही लिफ्ट कंपनीकडेच. 62,000 अधिक जीएसटी, असे 73,160 रुपये आगाऊ मोजले. चार महिन्यांत लिफ्ट 11 वेळा बंद पडली. मेकॅनिक यायचा, दरवाजाचा लॉक कॉन्टॅक्ट घासून जायचा. पाचव्या खेपेला म्हणाला, "साहेब, कंट्रोलरचं कार्ड उडालंय. व्होल्टेजमुळे उडालं, ते करारात बसत नाही." जीएसटी धरून 38,500.

कार्ड बसवताना मी मशीनरूममध्येच उभा होतो. चकचकीत पिशवीतून कार्ड निघालं आणि त्याच्या कोपऱ्यावर मार्करने लिहिलेली पुसट तारीख दिसली. 2021 ची! आमच्या जुन्या मेकॅनिकचं अक्षर. मी ते पाहिलं, आणि मनात म्हणालो, कारखान्यातली चेकिंगची तारीख असेल. खरं तर आमचंच कार्ड डागडुजी करून आम्हालाच विकलं होतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, कार्डातलं मला काय कळणार? पण तारीख तर वाचता येत होती ना! काढलेला भाग तिथल्या तिथे ताब्यात घ्या, त्याचा नंबर बिलावर लिहून घ्या.

तरीही लिफ्ट बंद पडतच राहिली, कारण मूळ दुखणं त्या कॉन्टॅक्टमध्येच होतं. मग नोटीस काढली. 24 तासांपुढे लिफ्ट बंद राहिली तर रोज 500 रुपये दंड, असं कलम आहे. आमच्या हिशेबाने 19 दिवस, 9,500 रुपये. शिवाय 30 दिवसांच्या मुदतीने करार रद्द. उत्तर आलं की हेल्पलाइनवर तुमच्या तीनच तक्रारी आहेत, दंड दोन दिवसांचा, 1,000 रुपये. बाकी आठ वेळा आम्ही थेट मेकॅनिकला फोन केला होता, कारण तो लवकर यायचा. करारात मात्र 'नोंदवलेली तक्रार' असे शब्द आहेत. वर सर्व्हिस स्लिपांच्या प्रती जोडल्या होत्या. प्रत्येकीवर 'लिफ्ट समाधानकारक चालू', खाली आमच्या वॉचमनची सही. त्या बिचाऱ्याला काय, कागद पुढे केला की सही. स्लिपवर सही फक्त कमिटीची, आणि तीही लिफ्टमधून वर-खाली जाऊन आल्यावर.

पोलीस चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला. लिफ्ट तपासणीच्या सरकारी कार्यालयात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब साइटवर, दुसऱ्यांदा अर्जावर शिक्का नाही, तिसऱ्यांदा कळलं की ते लिफ्टची सुरक्षितता बघतात, पैशांचा वाद नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? पोच मागितली तर बाई म्हणाल्या, "झेरॉक्स आणलीय का?" आणली नव्हती.

दुसरी कंपनी यायला तयार आहे, पण कंट्रोलरचा पासवर्ड जुन्याकडे. करार संपताना पासवर्ड सोसायटीला द्यायचा, हे कलम सही करण्याआधीच घालून घ्या, आमच्यात नाही. नोटीसही करारातल्या पत्त्यावर, रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवा. मी आधी व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यात मुदतीचे नऊ दिवस बुडाले.

अजून 12 दिवस बाकी आहेत. लिफ्ट काल सकाळपासून बंद आहे. या वेळी तक्रार हेल्पलाइनवर नोंदवलीय, नंबर वहीत लिहिलाय.